तीनशेला पडलेलं जिग कितीला विकायचं?

*«कपाटाच्या दारांना हँडल बसवताना भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून मी ॲल्युमिनियमचं एक छोटं जिग बनवते. सगळा खर्च धरून एक जिग मला ३०० ला पडतं. त्यावर ४० टक्के चढवून ते ४२० ला विकते. महिन्याला शंभरेक जातात. गेल्या आठवड्यात फर्निचर बसवणाऱ्या एका कारागिराने एकदम दहा घेतली आणि पैसे देताना म्हणाला, 'ताई, फार स्वस्त देताय.' दुसऱ्याच दिवशी घरचं एकच कपाट करायला घेतलेल्या एका बाईंनी किंमत ऐकून जिग परत ठेवलं. माझा मुलगा म्हणतो, खर्चावर नको, व्हॅल्यूवर किंमत लाव. ते नेमकं कसं करतात? आणि त्या दोघांपैकी खरं कोण बोललं? खर्चाचा हिशेब सोबत जोडला आहे.»*

ताई, दोघंही खरं बोलले. कारागिरासाठी तुमचं जिग स्वस्तच आहे आणि त्या बाईंसाठी ते महागच आहे. कुणी घासाघीस केली नाही की कुणी तोंडदेखलं कौतुक केलं नाही. तुमच्या वहीत खर्चाचा आकडा एकच आहे, म्हणून त्यातून किंमतही एकच निघाली. जिगचा उपयोग मात्र घेणाऱ्यागणिक बदलतो. हे नीट दिसावं म्हणून तुमच्याच जिगची किंमत आपण दोन्ही रीतींनी काढू.

आधी तुमची रीत. तुमच्या कागदावर एका नगामागे ॲल्युमिनियमच्या पट्टीचे ७०, भोकांत बसवायच्या कडक पोलादाच्या नळ्यांचे, म्हणजे बुशांचे ६०, स्क्रू आणि कडेला टेकणाऱ्या थांब्याचे १५, खोका आणि माहितीच्या कागदाचे १५, आणि नगावर दिलेल्या मजुरीचे ४० असे आकडे आहेत. बेरीज २००. हे पैसे जिग बनवलं तरच जातात, नाही बनवलं तर जात नाहीत. त्याखाली शेडचं भाडं, वीज आणि मशीनची झीज मिळून महिन्याचे १०,००० आहेत. जिगं शंभर करा किंवा एकही करू नका, ते जाणारच. तुम्ही ते शंभर नगांवर वाटले, प्रत्येकी १०० आले, म्हणून ३००. त्यावर ४० टक्के म्हणजे १२०, असे झाले ४२०. महिन्याअखेर तुमच्या हाती १२,००० राहतात.

इथे दोन गोष्टी सांगून टाकते. तुम्ही खर्चावर ४० टक्के चढवता, म्हणून विक्रीवर ४० टक्के सुटतात असं नाही. ४२० मधले १२० म्हणजे २९ टक्क्यांच्याही थोडं खालीच. दुकानदाराला माल देताना हा घोळ हमखास होतो. तो विक्रीच्या किमतीवर टक्के मागतो आणि आपण खर्चावरचे टक्के डोक्यात ठेवून होकार देतो. दुसरं, या कागदावर तुमच्या स्वतःच्या वेळेचं कुठेच काही नाही. म्हणजे ते १२,००० हा नफा नाही. आधी तो तुमचा पगार आहे, त्यातून काही उरलं तर नफा.

आता या रीतीचं खरं दुखणं. समजा पुढच्या महिन्यात मागणी घसरली आणि पन्नासच जिगं गेली. मग १०,००० पन्नासांवर वाटायचे, प्रत्येकी २००. नग पडला ४०० ला, आणि ४० टक्के चढवल्यावर किंमत झाली ५६०. लोक घेईनासे झाले म्हणून तुम्ही भाव वाढवला! उलट मागणी दुप्पट झाली, दोनशे जिगं गेली, तर नग पडेल २५० ला आणि तुमची वही म्हणेल, ३५० ला विका. लोकांच्या उड्या पडताहेत आणि तुम्ही भाव उतरवताय. दोन्ही वेळा वही उलट्या दिशेला पाठवते. याचं कारण असं की किंमत काढायला नगाचा खर्च लागतो, नगाचा खर्च काढायला किती नग जाणार ते ठाऊक असावं लागतं, आणि किती नग जाणार हे किमतीवरच ठरतं. उत्तर हाती असल्याशिवाय हे गणित सुरूच होत नाही. म्हणून आपण मागच्या महिन्याचा आकडा उचलून पुढे रेटतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. समजा तुम्ही पट्टी कापायची वेगळी तऱ्हा शोधली आणि नगामागे ३० वाचवले. खर्च झाला २७०, किंमत ३७८, आणि तुमचा वाटा १२० वरून १०८ वर आला. अक्कल तुमची, मेहनत तुमची, आणि कमाई मात्र घटली. उलट ॲल्युमिनियम २० ने महागलं तर किंमत २८ ने वाढते आणि तुमच्या पदरात आठ जास्त पडतात, घेणाऱ्याला कणभरही जास्त मिळालेलं नसताना. खर्च वाढला की बक्षीस आणि घटला की दंड असा हा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत सरकारी कामं अशा कराराने देऊन पाहिली होती. जितका खर्च, त्यावर ठरलेले टक्के, म्हणजे कंत्राटदाराला खर्च फुगवण्यातच फायदा. पुढे खर्चाच्या टक्केवारीने मोबदला देणारे असे करार तिथल्या सरकारी खरेदीत कायद्यानेच बंद झाले.

हे मी जवळून पाहिलंय. मी बरीच वर्षं कॉस्टिंगचं काम केलं. एका छोट्या कारखान्यात रबराचं एक सील बनायचं. साचा सुधारला, खर्च बराच उतरला, आणि मी नियमाप्रमाणे किंमतही उतरवून दिली. गिऱ्हाइकाने ती मागितलेलीही नव्हती. ते सील वेळेत मिळालं नाही तर त्याची अख्खी मशीन उभी राहायची, त्यामुळे जुन्या किमतीबद्दल त्याची तक्रारच नव्हती. नगांची संख्या तीच राहिली, कारण मशीनला लागतात तितकीच सीलं लागतात. कमी झाली ती फक्त कारखान्याची कमाई. त्या वर्षी कामगारांना बोनस देताना मालकाची ओढाताण झाली, तेव्हा मला माझ्याच कागदातली ती ओळ आठवत राहिली.

तरीही ही रीत इतकी रुळलेली आहे, त्याला कारण आहे. १९३९ साली ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला. त्यासाठी त्यांनी ३८ उद्योजकांना विचारलं होतं, तुम्ही किंमत कशी ठरवता? बहुतेकांचं उत्तर तुमच्यासारखंच होतं, पूर्ण खर्च काढायचा आणि वर काही टक्के लावायचे. स्वतःच्या वहीतले आकडे हाताशी असतात, दुसऱ्याच्या डोक्यातले नसतात. जिथे काम किती निघेल हेच आधी सांगता येत नाही, उदाहरणार्थ जुन्या मशीनची दुरुस्ती, तिथे तर मीही खर्च अधिक काही टक्के असंच ठरवून घ्या म्हणेन. पण तुमचं जिग ठरलेल्या मापाचं आहे, ठरलेलं काम करतं, आणि ते काम कुणाला किती मोलाचं हे विचारून काढता येतं.

मग दुसरी रीत बघू. यात पहिला प्रश्न तुमच्या जिगबद्दल नसतोच. तुमचं जिग मिळालं नसतं तर या माणसाने काय वापरलं असतं, हा तो प्रश्न. त्या पर्यायाची किंमत हा आपला पाया. पर्यायापेक्षा तुमची वस्तू जिथे सरस आहे तिथे त्या सरसपणाचे पैसे मिळवायचे, जिथे उणी आहे तिथे वजा करायचे. जो आकडा येतो तो त्या माणसासाठी तुमच्या वस्तूचं मोल. त्याहून जास्त किंमत लावली तर शहाणा माणूस पर्यायाकडे वळेल.

कारागिराचं मोल काढू. खाली मी घेतलेले आकडे समजण्यापुरते आहेत, खरे आकडे तुम्हाला त्याच्याशी बोलून भरायचे आहेत. धरून चालू की तो महिन्याला १२० दारांना हँडलं बसवतो, म्हणजे वर्षाला १,४४०. त्याचा पर्याय म्हणजे प्लास्टिकचं जिग, १५० ला मिळणारं. ९६, १२८, १६० मिलिमीटर अशा हँडलच्या नेहमीच्या अंतरांची भोकं त्यातही असतात. पण प्लास्टिकच्या भोकातून ड्रिलचं ५ मिलिमीटरचं बिट फिरतं तेव्हा बिटाची धार भोकाची कडही थोडी थोडी खात जाते. काही दिवसांनी गोल भोक लांबट होतं, बिट आत डुगडुगायला लागतं, आणि दोन भोकांमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरने चुकतं. तेवढ्याने हँडलचा दुसरा स्क्रू आट्यात बसत नाही. मग भोक मोठं करावं लागतं. त्यात हँडलच्या पायाबाहेर भोकाची कड डोकावली की ते दार गेलंच. तुमच्या जिगमध्ये बिट पोलादी बुशमधून जातं, म्हणून हे होत नाही. बुशाचे ते ६० तुमच्या हिशेबात नुसती खर्चाची एक ओळ आहेत. कारागिराकडे गेल्यावर जवळजवळ सगळं मोल त्याच ओळीतून निघतं.

तर पाया असा. तुमचं एक जिग वर्षभर टिकतं, तेवढ्या कामात त्याला प्लास्टिकची चार लागतात असं धरू. चार गुणिले १५०, म्हणजे ६००. इथे लोक पहिली चूक करतात. एकाला एक लावून पाया १५० धरतात. तुलना नगाशी नग अशी करायची नसते, तेवढंच काम करून घ्यायला पर्यायाचे किती लागतील ते बघायचं असतं.

पुढे वेळ. तुमच्या जिगचा थांबा दाराच्या कडेला टेकला की खूण न करता थेट भोक पाडता येतं, म्हणून दारामागे अर्धा मिनिट वाचतो असं म्हणू. १,४४० दारांचे ७२० मिनिटं, म्हणजे १२ तास. त्याचा तास १०० चा असेल तर १,२००. पण हा आकडा जसाच्या तसा धरू नका. अर्ध्या मिनिटाचे तुकडे साठून आणखी एक काम घेता आलं, तरच त्यांचे पैसे होतात. एरवी तो वेळ चहात जातो आणि त्यात काही वाईट नाही. मी निम्मे धरते, ६००.

मग वाया गेलेली दारं. ढिल्या जिगमुळे वर्षाला दोन दारं जास्त खराब होत असतील आणि एक दार बदलून द्यायला, पुन्हा फेरी मारण्यासह ६०० लागत असतील, तर वाचले १,२००.

आता उणी बाजू, जी विकणारा हमखास विसरतो. तुमच्या जिगमध्ये तीनच अंतरं आहेत. वेगळ्या मापाचं हँडल आलं की त्याला जवळ एक प्लास्टिकचं जिग ठेवावंच लागणार, ते १५०. शिवाय तुम्ही नव्या. बुश निघाला तर कोण बदलून देणार, ही धास्ती आहे, तिचे आणखी १५० धरू. वजा ३००.

सहाशे अधिक सहाशे अधिक बाराशे वजा तीनशे, म्हणजे २,१००. त्या कारागिराच्या हातात तुमचं जिग वर्षाला २,१०० चं काम करतं आणि तुम्ही ४२० घेता. 'फार स्वस्त देताय' याचा अर्थ हा.

हाच हिशेब त्या बाईंसाठी मांडा. एक कपाट, बारा दारं. पर्याय तोच प्लास्टिकचा, पण बारा दारांना एकच पुरतो आणि तो नवा असल्यामुळे ढिलाही झालेला नाही. पाया १५०. वर्षभर टिकण्याचं मोल शून्य, कारण वर्षभर वापरायचंच नाही. वाचलेला वेळ सहा मिनिटं, तेही रविवारचे, म्हणजे शून्य. हात बसलेला नाही म्हणून तुमच्या थांब्याचा थोडा आधार होईल. दहात एखाद्या वेळी एक दार वाचेल असं धरलं तर ६००चा दहावा भाग, ६०. एकूण २१०. हा आकडा तुमच्या ४२०च्या निम्मा आहे आणि तुमच्या ३००च्याही खाली. पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो साचा म्हणून वापरायची त्यांची तयारी असेल, तर २१० सुद्धा नाही. त्यांनी जिग परत ठेवलं ते योग्यच केलं.

एकच वस्तू, एका हातात २,१०० ची आणि दुसऱ्या हातात २१० ची. ४२० ही किंमत या दोघांपैकी कुणाचीच नाही.

म्हणून किंमत २,१०० लावायची का? नाही. २,१०० ही कमाल मर्यादा आहे, त्या किमतीला तुमचं जिग घेतलं काय आणि प्लास्टिकचं घेतलं काय, त्याला सारखंच. मग तो सवय का बदलेल? मधला फरक दोघांत वाटला जातो. किती कुणाकडे, हे तुमचा दावा त्याला किती पटतो त्यावर ठरतं. प्लास्टिकच्या चार जिगांचे ६०० त्याने खिशातून दिलेले असतात, त्यामुळे ते त्याला लगेच पटतात. वाया गेलेली दारं आठवतात, पण 'ते माझ्या हाताने झालं, जिगमुळे नाही' असंही तो म्हणू शकतो. वेळेचं तर कुणालाच लवकर पटत नाही. पटलेल्या भागापुरतीच किंमत मागता येते.

मी तुमच्या जागी असते तर कारागिरांसाठी पहिला टप्पा ६०० ठेवला असता. हा आकडा सांगायला सोपा आहे, 'एक दार वाचलं की जिग फुकट पडलं.' वर्षभरात दोन-चार कारागिरांच्या तोंडून तुमच्या बुशाचा टिकाऊपणा बोलला गेला, की ९०० कडे जाता येईल. तेव्हाही त्याच्याकडे १,२०० उरतात, म्हणजे मोठा वाटा त्याचाच.

इथे तुमची खर्चाची वही पुन्हा उघडायची, कारण आता तिचं खरं काम आहे. भाव वाढवला तर किती गिऱ्हाइकं गेली तरी चालतील? यासाठी ३०० नाही, २०० धरायचे. १०,००० तर कसेही जाणारच, ते एका नगाच्या विक्रीने वाढत नाहीत की घटत नाहीत. ४२० ला विकल्यावर नगामागे २२० सुटतात, शंभर नगांचे २२,०००. ६०० ला विकल्यावर ४०० सुटतात, म्हणजे तेवढ्याच पैशांना ५५ नग पुरे. शंभरातली ४५ गिऱ्हाइकं गेली तरी तुम्ही आहात तिथेच, वर मेहनत जवळजवळ निम्मी. ९०० ला ७०० सुटतात आणि ३२ नगांत काम भागतं. उलट २०० च्या खाली मात्र एकही जिग द्यायचं नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. आणि सगळी विक्री मिळून ते १०,००० आणि तुमचा पगार निघत नसेल, तर किमतीशी खेळण्यात अर्थ नाही, ही वस्तूच बनवायची की नाही ते बघावं लागेल.

तेव्हा पहिलं काम बिलबुक काढायचं. मागच्या तीन महिन्यांत घेणाऱ्यांत हँडलं बसवणं हा ज्यांचा धंदा आहे असे किती आणि घरच्या कामापुरते किती, एवढं मोजा. शंभरात साठ-सत्तर कारागीर निघाले तर ६०० ला घाबरायचं कारण नाही. तीसच निघाले तर मात्र आत्ताच भाव वाढवू नका. आधी कारागीर जिथे सामान घेतात तिथे जिग पोहोचवा. किंमत चुकीची आहे, पण ती दुरुस्त करण्याआधी समोरची माणसं बदलायला हवीत.

त्या बाईंसारख्यांचं काय? त्याच जिगला तोंड बघून दोन भाव सांगू नका. कारागीर एकमेकांशी बोलतात, आणि घेतलेला भाव चुकीचा होता असं वाटलेला माणूस परत येत नाही. वस्तूच वेगळी करा. बुश काढून टाकलेलं साधं जिग १४० च्या खर्चात बनेल, १९० ला विकलं तर नगामागे ५० सुटतील. मला यात फार दम वाटत नाही, कारण तिथे तुमची गाठ थेट प्लास्टिकशी आहे आणि तुमचं वेगळेपण जो बुश, तोच तुम्ही काढून टाकलेला आहे. त्यापेक्षा तेच बुशवालं जिग अनामत घेऊन दोन दिवस भाड्याने देणं मला जास्त पटतं. पोलादी बुश बारा दारांनी झिजत नाही, जिग जसंच्या तसं परत येतं, आणि त्यांना जेवढं हवं होतं तेवढ्याचेच पैसे त्यांनी दिलेले असतात.

आता आकडे भरायचे कसे, कारण या रीतीत लोक फसतात ते इथेच. 'यासाठी किती द्याल?' असं कधीही विचारू नका. घेणारा कमीच सांगणार, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ठाऊक नसतं. घडून गेलेलं विचारा, त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं. बोलणं साधारण असं व्हावं.

'दादा, मागचं प्लास्टिकचं जिग कधी घेतलं होतंत?'

'दोन-तीन महिने झाले असतील.'

'टाकून का दिलं?'

'ढिलं झालं होतं. दोन दारं घालवली त्याने.'

'मग त्या दारांचं काय केलंत?'

'काय करणार, एकावर पट्टी मारून झाकलं. दुसरं पदरचं भरलं.'

बघा, तीन प्रश्नांत टिकाऊपणा आला, खराबी आली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खराबीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात तेही आलं. ते विचारल्याशिवाय राहू नका. दार मालकाचं असेल आणि तोच नवीन आणून देत असेल, तर ते १,२०० कारागिराच्या हिशेबात येतच नाहीत. मग त्याच्यासाठी मोल ९०० वर येतं आणि ६०० चा भाव टोकाचा ठरतो. जो पैसे मोजतो त्याचंच नुकसान वाचलं पाहिजे, तरच ते मोजायचं. असं बोलणं सहा-सात जणांशी झालं की आकडे एका ठिकाणी जमायला लागतात.

'महाग आहे' म्हणणाऱ्यालाही सोडू नका. शांतपणे विचारा, 'कशाच्या मानाने?' 'प्लास्टिकचं दीडशेला मिळतं' असं कारागीर म्हणाला, तर त्याला फरक दिसलेला नाही. एक झिजलेलं प्लास्टिकचं आणि एक वर्षभर वापरलेलं तुमचं अशी दोन जिगं टेबलावर ठेवा आणि दोन्हींत बिट घालून हलवायला द्या. प्लास्टिकमध्ये ते डुगडुगतं, तुमच्यात जागचं हलत नाही. हे हाताला कळलं की दीडशेची गोष्ट पुन्हा निघत नाही. हलवून बघूनही बहुतेकजण मागे फिरत असतील, तर मात्र किंमत खरंच चढली आहे. आणि महिनाभरात कुणीच हूं की चूं केलं नाही, तर ती अजून खालीच आहे.

एक धोका मनात ठेवा. सगळं मोल घेणाऱ्यासमोरच्या पर्यायावर टांगलेलं आहे. उद्या दुसऱ्या कुणी असंच पोलादी बुशचं जिग ५०० ला आणलं, तर कारागिराचा पाया प्लास्टिक राहणार नाही, ते ५०० होईल. टिकाऊपणा, वेळ, वाचलेली दारं सगळं दोघांकडे सारखंच, म्हणजे तुमचं जास्तीचं मोल एका दिवसात पुसलं जाईल, तुमच्या जिगमध्ये काडीचाही बदल न होता. तेव्हा ९०० ला अडून बसता येणार नाही. त्याआधी काय करता येईल, तर वजा केलेले ते ३०० कमी करा. चौथं अंतर घाला, आणि बुश सुटा मिळेल, घरी बदलता येईल अशी सोय करा. त्याला फार खर्च नाही आणि नक्कल करणारा ते पहिल्या दिवशी देऊ शकणार नाही.

भाव बदलताना जुन्या गिऱ्हाइकांना आधी सांगा, अमुक तारखेपर्यंत ४२०, पुढे ६००. ज्यांनी तुमच्यावर पहिला विश्वास टाकला त्यांना दुकानात आल्यावर धक्का बसू नये.

आणि त्या कारागिराला या आठवड्यातच फोन करा. वर्षाला एक जिग पुरतं तर त्याने दहा का घेतली? हाताखाली दहा माणसं असतील, तर तो तुमचा सगळ्यात चांगला गुरू आहे, वर दिलेले सगळे प्रश्न त्याला विचारा. दहा माणसं नसतील, तर बहुधा तो ती दुसऱ्या कारागिरांना विकतोय. तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त विचारा, 'दादा, कितीला गेली?'